जुन्या अर्जातली पार्श्वभूमी

स्वतःच्याच मजकुराची चोरी कशी होईल हो? शब्दच मुळी फसवा. तरी नव्या अनुदानाच्या अर्जात जुन्या अर्जातली 'पार्श्वभूमी' उचलताना संशोधक बिचकतात.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या केरी मॉस्कोविट्झ यांच्या गटाने २०२१ साली हा गुंता बराच सोडवला. अप्रकाशित अर्जातला मजकूर पुढच्या अर्जात किंवा शोधनिबंधात वापरणं त्यांनी वेगळ्या खणात टाकलं.. तो लेखनाच्या घडणीचाच भाग. छापलेलं पुन्हा छापणं हा निराळा मामला, तिथे प्रताधिकार प्रकाशकाकडे असू शकतो. २०२४ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्यानेही वाङ्मयचौर्याच्या व्याख्येतून 'स्व-चौर्य' स्पष्टपणे वगळलं.

मग अडतं कुठे? समजा, डेंग्यूच्या डासांवरचा तुमचा २०१९ चा नामंजूर अर्ज आहे आणि त्यातले तीन परिच्छेद घ्यायचेत. एक सहकाऱ्याने लिहिलेला असेल, तर आधी त्याला विचारा. तो 'स्वतःचा' नाहीच. दुसरा मधल्या काळात निबंधात छापून आला असेल, तर त्या निबंधाचा संदर्भ द्या. तिसरा निखळ तुमचा, खुशाल घ्या. फक्त 'यावर अजून कोणी काम केलेलं नाही' हे वाक्य तेवढं तपासा. एवढ्या वर्षांत कोणीतरी केलेलं असायचं, आणि परीक्षक नेमका तिथेच थबकतो.