पहिला थ्रीडी प्रिंटर घेताना: कळंबच्या घरासाठी हिशेब

थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवत वस्तू तयार करतो. मिक्सरची मोडलेली खुंटी, शंकरपाळ्यांचा साचा, कुरआन शरीफ ठेवायची लहान रेहल अशा गोष्टी घरी होतात. मुलाने हट्ट धरला आणि घरात पंचवीस हजार बाजूला आहेत, असं समजू. व्याजाच्या हप्त्यावर घ्यायचं नाही असं ठरलेलं असेल, तर हीच खरी मर्यादा. त्यातून दोन-अडीच हजार धाग्यासाठी आणि किरकोळ अवजारांसाठी आधीच वेगळे काढा. नाहीतर मशीन येतं आणि पहिल्याच आठवड्यात धागा संपतो.

प्रिंटर पाहताना सगळ्यांची नजर आधी बेडवर जाते. बेड म्हणजे ज्या गरम पाटावर वस्तू उभी राहते तो भाग. स्वस्त मशीनमध्ये तो बहुतेक २२० बाय २२० मिलिमीटरचा असतो, छोट्या मॉडेलमध्ये १८० चा. आपली रेहलच घ्या. खाचेने एकमेकींत अडकणाऱ्या दोन फळ्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद. २२० च्या बेडवर एक फळी आडवी आरामात बसते. १८० वर बसत नाही. तीस सेंटिमीटरची मोठी रेहल हवी असेल तर फळी तिरकी ठेवूनही जागा पुरत नाही, दोन तुकडे करून चिकटवावे लागतात. म्हणून आधी घरात काय बनवायचंय ते पट्टीने मोजा. त्या एका मोठ्या वस्तूसाठी तीनशेचा बेड घेतला, तर पैसे जातात आणि टेबलही अडतं.

बंद पेटीचा, म्हणजे एन्क्लोजरचा, मोह मात्र आवरा. पेटी लागते ती एबीएससारख्या प्लास्टिकला. ते थंड होताना आकसतं, कोपरे उचलतात, शिवाय त्याचा वासही उग्र असतो. नवशिक्याने पीएलए वापरावं. त्याला उघडं मशीन चालतं. उलट एप्रिल-मेच्या दुपारी बंद पेटीत पीएलए वापरलं, तर धागा नळीत वरच मऊ होतो आणि नोझल तुंबतं. थंडीत मात्र आपल्या भागात पहाटेचं वारं खिडकीतून थेट बेडवर आलं, तर पीएलएचेही कोपरे उचलतात. खिडकी लावून घ्या, तेवढ्याने भागतं. पीएलएची खरी अडचण दुसरीच आहे. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ठेवायची वस्तू त्याची करू नका. तिथे पीईटीजी वापरा, त्यालाही पेटी लागत नाही.

पैसे घालायचे ते ऑटो लेव्हलिंगवर. वस्तूचा पहिला थर साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो. बेड एका कोपऱ्यात तेवढाच खाली असला, तर तिथे प्लास्टिक चिकटतच नाही. हाताने स्क्रू पिळत कागद सरकवून हे जुळवता येतं, पण नवा माणूस त्यातच कंटाळतो. ऑटो लेव्हलिंगमध्ये एक सेन्सर बेडला ठिकठिकाणी स्पर्श करून उंचसखल नोंदवतो आणि नोझल त्याप्रमाणे वर-खाली होतं. एवढंच त्याचं काम. बेडला बोटांचं तेल लागलेलं असेल किंवा चाकं ढिली असतील, तर तो काही करू शकत नाही. नोझल आणि बेडमधलं मूळ अंतर काही मशीनमध्ये स्वतःच ठरवावं लागतं, ते विकत घेताना विचारा. पहिला थर पाहून चूक कळते. रेषा सुट्या, गोलसर दिसल्या तर नोझल वर आहे. थर पारदर्शक होऊन खरवडला जात असेल तर खाली आहे.

रेहलच्या दोन फळ्यांना आठ-दहा तास लागू शकतात आणि मध्ये लाईट जाणार हे धरूनच चाला. ‘पॉवर लॉस रिकव्हरी’ असलेलं मशीन थांबलं तिथून पुढे सुरू होतं, पण तोवर बेड थंड होऊन वस्तू सुटलेली असू शकते. फळ्या एकेक करून छापल्या तर निदान दोन्ही वाया जात नाहीत. इन्व्हर्टर असेल तर चांगलंच, पण त्यावर किती वॅटचा भार चालतो ते आधी पाहा. बेड तापवताना अशी मशीन तीनशे वॅटच्या आसपास ओढतात.

राहिला मदतीचा प्रश्न. गावात दुरुस्तीचं दुकान नाही, म्हणून भरपूर लोक वापरतात असंच मॉडेल घ्या. क्रिएलिटीची एंडर मालिका अशीच आहे. तिचं नोझल, पट्टा, पंखा सुटा मिळतो आणि हिंदीत समजावणारे व्हिडिओही सापडतात. नवीन, चकचकीत पण कुणाकडेच नसलेलं मशीन बंद पडलं की धूळ खात पडतं. मंचरच्या पुढे शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ पासून तिथे फॅब लॅब आहे. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. पैसे मोजण्याआधी मुलाला घेऊन तिथे चालतं मशीन पाहता येतं का, ते फोन करून विचारा.