पोस्टपोनमेंट म्हणजे काय? प्रिंटरचा प्लग सगळ्यात शेवटी का जोडला?

1990च्या सुमारास एचपीचे डेस्कजेट प्रिंटर अमेरिकेतून जहाजाने युरोपात जायचे. प्रवासालाच सुमारे महिना लागायचा. कोणत्या देशाचा प्लग आणि कोणत्या भाषेतली माहितीपुस्तिका, हे कारखान्यातच ठरायचं. त्यामुळे एका देशाचा माल पडून आणि दुसऱ्या देशात तुटवडा, असं व्हायचं.

मग कंपनीने सगळे प्रिंटर सारखेच पाठवले. पॉवर सप्लाय आणि पुस्तिका युरोपातल्या गोदामात, मागणी पाहून घातली जाऊ लागली. शेवटचा बदल असा लांबणीवर टाकणं म्हणजे ‘पोस्टपोनमेंट’. साठा एकच असल्याने एकीकडे घटलेली मागणी दुसरीकडच्या वाढीने भरून निघते आणि कमी मालात भागतं.

मात्र त्यासाठी प्रिंटरचं डिझाइन बदलावं लागलं, गोदामातलं कामही वाढलं. साठ्यातली बचत या खर्चापेक्षा जास्त असेल, तरच हे परवडतं.