ताप, उजवीकडे पोटदुखी आणि पिवळे डोळे: ही साधी कावीळ समजू नका

डोळे पिवळे दिसले की आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो कावीळ. मग उसाचा रस, गळ्यात मुळीची माळ, कुणी सांगितलेला पाला. पण उजव्या बरगडीखाली दुखणे, हुडहुडी भरून ताप आणि पिवळे डोळे हे तिन्ही एकत्र आले, तर आधी पित्तनलिकेचा संशय घ्यावा. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्येच हे त्रिकूट सांगून ठेवले आहे.

दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत ताप बहुधा आधी येतो आणि डोळे पिवळे होईपर्यंत उतरतो. डोळे पिवळे झाल्यावरही थंडी वाजून ताप चढत राहिला, तर प्रकरण वेगळे आहे. लिव्हरमध्ये पू झाला तरी ताप आणि दुखणे असते, मात्र त्यात डोळे फारसे पिवळे होत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांच्या खालांना जेवणानंतर पोटात कळ यायची. घरचे गॅस समजून सोडा द्यायचे. प्रत्यक्षात पित्ताशयात खडे होते. त्यातला एक घसरून नलिकेत अडकला. पित्त तुंबले, लघवी गडद आणि शौच मातकट झाले. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले आणि दाबामुळे रक्तात शिरले; हुडहुडी त्याचीच. रक्तात बिलिरुबिन ६ निघाले, त्यातले बहुतेक डायरेक्ट, आणि पांढऱ्या पेशी १८ हजार. सोनोग्राफीत नलिका १२ मिलिमीटर फुगलेली दिसली, एरवी ती साधारण ६ पर्यंत असते. खडा मात्र दिसला नाही. नलिकेचे खालचे टोक आतड्यातल्या हवेआड लपते, म्हणून ‘खडा दिसत नाही’ म्हणजे ‘खडा नाही’ असे धरू नये. एमआरसीपी तपासणीत तो सापडला.

शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू होते, पण नलिका बंद असेल तर नुसत्या औषधावर भागत नाही. तुंबलेले पित्त वाहते करावेच लागते, शक्यतो एक-दोन दिवसांत. त्यासाठी ईआरसीपी करतात: तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नलिकेचे तोंड थोडे कापतात, खडा काढतात किंवा स्टेंट ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगावे, कापलेल्या जागी रक्त वाहू शकते. नंतर काहींना स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून पोट पुन्हा जोरात दुखले तर लपवू नये.

रुग्ण बरळू लागला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली किंवा बीपी उतरले, तर सकाळची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसांत तिन्ही लक्षणे नेहमी दिसत नाहीत. कधी नुसती गुंगी आणि पिवळेपणा असतो. सगळ्याच दवाखान्यांत ईआरसीपी होत नाही, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.

खडा निघाला की बरेच जण घरी निघून जातात. पण खडे तयार करणारे पित्ताशय आत तसेच असते, पुढचा खडा पुन्हा घसरू शकतो. तब्येत सावरल्यावर दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची तारीख डॉक्टरांकडून घेऊनच निघावे.