तळटीप : गोळीनंतर काळी पडलेली कातडी

१. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळीनेच गुठळ्या कशा झाल्या, हा प्रश्न वाचकाला इथे पडेल. वॉरफरिनमुळे यकृतात गुठळी घडवणारे घटक तयार होणे थांबते, तसेच गुठळीला आवर घालणारे प्रोटीन सीदेखील. प्रोटीन सी साधारण ८ तासांत निम्मे होते. प्रोथ्रॉम्बिनला अडीच दिवस लागतात. म्हणजे लगाम आधी सुटतो. ज्यांच्यात प्रोटीन सी जन्मतःच कमी असते, त्यांच्या मांडीसारख्या चरबीच्या जागी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि कातडी काळी पडते. यासाठीच सुरुवातीचे किमान ५ दिवस सोबत हेपारिन देतात; ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला बळ देते. झालेली गुठळी मात्र हेपारिन विरघळवत नाही; ते काम शरीरातल्या प्लाझ्मिनचे. — संपादक