तळटीप : हळदीची ‘पातळी फुटली’ म्हणजे काय?

* वसमतच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव होतो, वायदा मात्र एनसीडीईएक्सवर. इथे उलाढाल वायद्याची धरावी. समजा, क्विंटलला १५,००० रुपयांवरून भाव तीनदा परतला आणि वीस दिवसांची सरासरी उलाढाल ४,००० टन आहे. भाव १५,२०० वर बंद झाला, पण उलाढाल २,५०० टनच असेल, तर विकणारे संपलेले नाहीत, थांबलेले आहेत. अशी फूट टिकण्याची खात्री कमी. उलाढाल ८,००० टन असेल, तर त्यांचा माल पचवूनच भाव चढला, असे म्हणता येते. वायदा संपताना सौदे पुढच्या महिन्यात सरकवल्यानेही उलाढाल फुगते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सर्व महिन्यांचे मिळून खुले सौदेही वाढले का, ते पाहावे. ते घटले असतील, तर ही तेजी बरीचशी जुन्या विक्रेत्यांच्या सुटकेची आहे, नव्या खरेदीची नव्हे.