वर्कशीट-विक्री (यूट्यूब चॅनेलसोबतची)

यूट्यूबवर शिकवणाऱ्याने त्याच धड्याच्या छापून वापरायच्या सरावपानांची पीडीएफ विकणे. व्हिडिओ फुकट असतो आणि पैसे सरावाच्या कागदाचे घेतले जातात. नोट्स व टेम्प्लेट याच रीतीने विकले जातात. येथे देवनागरी अक्षरे गिरवण्याच्या पानांचा विचार केला आहे.

गरज : तेलंगणातील निर्मल जिल्हा 2016 मध्ये आदिलाबादमधून वेगळा झाला. त्यातील भैंसा-मुधोळ भागात मराठी घरे आहेत. अशा घरातले मूल तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकत असेल, तर देवनागरी त्याला हिंदीच्या तासाला भेटते. तिथे ते दांड्याचा ‘ल’ शिकते आणि ‘ळ’ गिरवायला मिळतच नाही. महाराष्ट्र शासनाच्या 2022 च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले आहेत. म्हणून पान तयार करताना फॉन्ट पारखून घ्यावा लागतो. अनेक देवनागरी फॉन्ट मुळात हिंदी वळण दाखवतात, तर ‘तिरो देवनागरी मराठी’ मराठी वळण देतो. त्याचा परवाना खुला असल्याने विक्रीच्या पानांतही तो वापरता येतो.

पान : वर्ड फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर अक्षरांचे वळण बदलते, कधी जोडाक्षरेही फुटतात. म्हणून फॉन्टसह पीडीएफ द्यावी. तिच्या Properties मधील Fonts यादीत नावापुढे Embedded दिसले, की काम झाले. बहुतेक प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. त्यामुळे ए-4 पानाला चारही बाजूंनी सुमारे सव्वा सेंटीमीटर समास ठेवतात.

किंमत : 30 पानांचा संच 99 रुपयांना ठेवला आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीचा दर पानाला 2 रुपये धरला, तर पालकाला तो 159 रुपयांना पडतो. हीच पाने रंगीत असून दर 10 रुपये असेल, तर एकूण खर्च 399 वर जातो. छपाईचा हा खर्च विक्रेत्याच्या हिशेबात दिसत नाही, पण पालक तो मोजूनच संच घेतो. म्हणून पोकळ रेषेची चित्रे आणि ठिपक्यांची अक्षरे परवडतात.

दुवा : ऑगस्ट 2023 च्या अखेरीपासून शॉर्ट्सच्या वर्णनातील दुवे दाबता येत नाहीत. मुलांसाठीचा म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओखाली टिप्पण्या बंद असतात, त्यामुळे तिथे दुवा डकवण्याची सोयही उरत नाही. पालकांना उद्देशून केलेला, अक्षर कसे गिरवून घ्यावे हे दाखवणारा लांब व्हिडिओ विक्रीला अधिक उपयोगी पडतो.

मर्यादा : एकाने घेतलेली पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सॲप गटात सहज फिरते. तळाशी खरेदीदाराचे नाव छापल्याने प्रत कुणाकडून बाहेर गेली हे कळते, पण फिरणे थांबत नाही. वर्णमालेवर कुणाची मालकी नाही. पाठ्यपुस्तकातील चित्रे व मजकूर मात्र 1957 च्या प्रताधिकार कायद्याखाली येतात, म्हणून ती परवानगीशिवाय संचात घालून विकता येत नाहीत.