हृदयातला गोल फेरा आणि काही सेकंदांचे औषध

१/ १९१३-१४ च्या सुमारास जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हृदयस्नायूची कडी कापून त्यांवर प्रयोग केले. योग्य क्षणी उत्तेजना दिली, की विद्युत्लहर एकाच दिशेने निघे आणि कड्यात फिरतच राही. कडे एका ठिकाणी छेदले, की फेरा तत्काळ थांबे.

२/ नाडी अचानक मिनिटाला १५०–२२० वर नेणाऱ्या ‘सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया’चे मूळ बहुधा अशाच फेऱ्यात असते. कर्णिकांकडून जवनिकांकडे संदेश नेणाऱ्या एव्ही नोडपाशी काहींना दोन वाटा असतात. एक वेगवान, पण उशिरा सावरणारी. दुसरी संथ, पण लवकर सावरणारी. एखादा अवेळी ठोका आला, तर वेगवान वाट अजून बंद असते, म्हणून तो संथ वाटेने उतरतो. तो खाली पोहोचेपर्यंत वेगवान वाट मोकळी झालेली असते. लहर तिच्यातून वर परतते आणि फेरा सुरू होतो.

३/ आता कडे छेदायचे कसे? एव्ही नोडला आवर घालणारी व्हेगस नस जागी करून. अंतोनियो मारिया वाल्साल्वा याने १७०४ मध्ये श्वास कोंडून जोर देण्याची युक्ती वर्णिली, ती कानातील पू काढण्यासाठी! जोर सोडताच रक्तदाब उसळतो, मानेतील धमन्यांना तो जाणवतो आणि व्हेगस नोडला रोखते.

४/ समजा, आसगावातील एका तरुणाला असा झटका आला आणि ईसीजीवर निदान झाले. डॉक्टर त्याला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद फुंकायला लावतील, मग लगेच आडवे करून पाय ४५ अंश उचलून धरतील. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत अशा पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय सुधारली. नुसत्या बसून फुंकण्याने १७ टक्के.

५/ तरीही लय न आल्यास अ‍ॅडेनोसिन. १९२९ मध्ये ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयस्नायूच्या अर्कात हृदयाची गती मंदावणारा हा पदार्थ ओळखला. तो नोडच्या पेशींतील पोटॅशियमची दारे उघडतो आणि कॅल्शियमचा प्रवाह घटवतो. व्हेगसही हेच करते. नोड क्षणभर गप्प होतो, फेऱ्याचा दुवा तुटतो आणि हृदयाची मूळ लय परत येते.

६/ रक्तपेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर त्याला काही सेकंदांतच शोषून घेतात. म्हणून ६ मिग्रॅ औषध मोठ्या शिरेतून झटकन देऊन लगेच सलाइन ढकलावे लागते. हळू दिले तर ते हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. त्या काही सेकंदांत रुग्णाची छाती दाटते आणि ईसीजीवर सरळ रेघही दिसू शकते. अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली १९८९ मध्ये, म्हणजे शोधानंतर ६० वर्षांनी.

७/ फेरा कर्णिकेतच असेल, जसा एट्रियल फ्लटरमध्ये, तर नोड रोखूनही तो थांबत नाही. जवनिकांचे ठोके तेवढे विरळ होतात आणि आतापर्यंत दडलेल्या करवतीच्या दातांसारख्या लहरी कागदावर उघड्या पडतात. औषध अपयशी ठरते, पण निदान हाती येते.